लाईट आल्यावर नेट, सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही एकमेकांना सापडत नाहीत? आधी काय चालू करायचं आणि मध्ये किती थांबायचं

लाईट जाऊन आली की घरोघरी त्याच तक्रारी सुरू होतात. नातेवाईकांकडे, शेजारी, ओळखीच्यांकडे हे सारखं सोडवत आलोय आणि एक गोष्ट पक्की कळलीय, की यात खरा बिघाड फार क्वचित असतो, बहुतेक वेळा सगळी उपकरणं एकाच क्षणी चालू झालेली असतात आणि त्या गडबडीत एकाला दुसरं सापडलेलं नसतं. त्यामुळे नवीन वायर, नवीन बॉक्स, नवीन राउटर असं काही आणायच्या आधी खालचं सगळं शांतपणे करून बघा.

लक्षणं

आधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ठरवा, कारण "टीव्ही चालत नाहीये" या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

एक म्हणजे टीव्हीवर किंवा बॉक्सवर वायफाय जोडलेलं दिसतं पण खाली "इंटरनेट नाही" असं येतं, आणि गंमत म्हणजे त्याच वायफायवर मोबाईल व्यवस्थित चालत असतो. हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं.

दुसरं, बॉक्सचा दिवा लागलेला, रिमोटचं बटण दाबलं की तो लुकलुकतो म्हणजे बॉक्स जिवंत आहे, पण टीव्हीचा पडदा काळा किंवा "नो सिग्नल".

तिसरं, घरात कशावरच नेट नाही. मोबाईल नाही, लॅपटॉप नाही, टीव्ही नाही.

चौथं, सगळं लागतं पण थोड्या थोड्या वेळाने राउटर आपोआप बंद होऊन परत चालू होतो आणि दरवेळी टीव्ही तुटतो.

पहिली दोन लक्षणं जवळजवळ नेहमी चुकीच्या क्रमाची असतात. तिसरं क्रमाचं असू शकतं किंवा बाहेरूनच नेट आलेलं नसतं. चौथं मात्र क्रमाचं नसतंच, ते बहुतेक वेळा ॲडॉप्टरचं असतं, त्यावर शेवटाकडे लिहिलंय.

लाईट आल्या आल्या काहीही चालू करू नका

हे फुकट आहे आणि यानेच निम्मी कटकट वाचते. गेलेली लाईट परत येते तेव्हा पुष्कळदा ती लगेच पुन्हा जाते, किंवा सुरुवातीची काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होत असतं, कारण अख्ख्या भागातले फ्रीज, पंप, एसी एकदम सुरू होतात. बॉक्स आणि राउटरसाठी पूर्ण अंधार फारसा वाईट नाही, अर्धवट वीज जास्त वाईट. एखादा सेकंद व्होल्टेज खाली गेलं तर राउटर धड बंदही होत नाही आणि धड चालूही राहत नाही, दिवे सगळे लागलेले असतात पण आतलं काम अडकलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं की राउटर तर चालू आहे मग नेट का नाही.

म्हणून लाईट गेली की या सगळ्यांची बटणं बंद करून टाका, आणि आल्यावर साधारण ५ मिनिटं जाऊ द्या. दिवे स्थिर आहेत, पंखा एका वेगाने फिरतोय, असं दिसलं की मग हात लावा. राउटर इन्व्हर्टरवर असेल तरीही तो एकदा पूर्ण बंद करून अर्धा मिनिट ठेवा, कारण लाईटवरून इन्व्हर्टरवर जाताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यातही तो असाच अर्धवट अडकू शकतो. अर्धा मिनिट का, तर आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ लागतो, बटण बंद करून दोन सेकंदात चालू केलं तर कधीकधी तो खरा बंद झालेलाच नसतो.

बटणं चालू करण्याआधी ॲडॉप्टर आणि बोर्डाजवळ नाक नेऊन बघा. जळल्यासारखा वास असेल, प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल किंवा ॲडॉप्टर फुगलेला दिसत असेल तर इथेच थांबा. तो प्लग लावू नका. खालचं काहीही करायची गरज नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मोबाईल हातात घ्या

मोबाईलचा डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा, आणि आधी कधीच न उघडलेलं एखादं वेबपेज उघडून बघा. डेटा बंद करणं विसरू नका, नाहीतर मोबाईल गुपचूप सिमवरचं नेट वापरतो आणि आपल्याला वाटतं वायफाय चाललंय, इथे खूप जण फसतात.

पेज उघडलं तर मोडेम आणि राउटर ठीक आहेत, त्यांना अजिबात हात लावू नका, तुमचा प्रश्न टीव्ही आणि बॉक्स यांच्यात आहे. नाही उघडलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन काही उपयोग नाही, आधी नेट आणायला हवं. या एका तपासणीने निम्मं घर वगळता येतं म्हणून ती आधी.

पडदा काळा असेल तर टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटणही आत्ताच दाबून बघा. लाईट जाऊन आल्यावर बरेच टीव्ही शेवटचं इनपुट विसरतात आणि स्वतःच्या होम स्क्रीनवर किंवा अँटेनाच्या इनपुटवर जाऊन बसतात. बॉक्सची वायर एचडीएमआय १ मध्ये आहे आणि टीव्ही एचडीएमआय २ बघतोय, एवढीच भानगड असते आणि लोक तासभर वायरी उपटत बसतात.

खरा क्रम

आता मुख्य गोष्ट. मोडेम, मग राउटर, मग टीव्ही, आणि सगळ्यात शेवटी सेट-टॉप बॉक्स. पहिले दोन नेटच्या दिशेने आहेत हे बहुतेकांना पटतं, पण टीव्ही बॉक्सच्या आधी का हे कोणी सांगत नाही, म्हणून एकेक करून सांगतो.

सगळं बंद आहे इथून सुरुवात करा. बंद म्हणजे भिंतीवरच्या बटणाने बंद, रिमोटने नाही. रिमोटने बंद केलेला टीव्ही किंवा बॉक्स झोपलेला असतो, मेमरीत जुनंच सगळं धरून ठेवतो आणि उठल्यावर तिथूनच पुढे जातो.

आधी मोडेम, म्हणजे फायबरची बारीक वायर ज्या डबीत जाते ती. चालू केल्यावर त्याचे दिवे बघा. पॉन नावाचा दिवा आधी लुकलुकतो, म्हणजे मोडेम कंपनीकडच्या यंत्राशी ओळख पटवतोय, आणि मग स्थिर होतो. तो स्थिर होईपर्यंत पुढचं काही चालू करायचं नाही. साधारण एक-दोन मिनिटं लागतात. त्याच्या शेजारी एलओएस असं लिहिलेला दिवा असतो, तो लाल लागला किंवा लाल लुकलुकायला लागला तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. अशा वेळी घरात कितीही रिस्टार्ट करा, काही होणार नाही. एकतर वायर कुठेतरी तुटली किंवा जास्त वाकली आहे, नाहीतर तुमच्याकडे लाईट आली पण जिथून नेट येतं तिथे अजून आलेली नाही. पंधरा-वीस मिनिटं वाट बघा आणि तरी लालच असेल तर कस्टमर केअरला फोन करा आणि "एलओएस लाल आहे" एवढंच सांगा, त्यांना बाकी काही सांगावं लागत नाही. फायबरचं टोक काढून पुसणं, फुंकणं, त्यात डोकावून बघणं असलं काही करू नका, आतला लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो, शिवाय टोकाला धूळ लागली की सिग्नल आणखी खराब होतो.

पॉन स्थिर झाला की राउटर. मोडेम आणि राउटर एकाच डबीत असेल तर ही पायरी आपोआपच झाली, फक्त इंटरनेटचा दिवा लागेपर्यंत थांबा. राउटर चालू झाल्यावर आधी मोडेमच्या बाजूला विचारतो की मला पत्ता द्या, आणि तो मिळाला की मग घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो. मोडेम तयार नसताना राउटरने विचारलं तर उत्तर येत नाही. चांगले राउटर परत परत विचारत राहतात, पण काही जण दोनचार वेळा विचारून दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत नेतात, आणि त्यामुळे मोडेम तयार झाल्यावरही नेट यायला उगाच वेळ लागतो.

तुमच्या नेटला युजरनेम-पासवर्ड लागत असेल, म्हणजे पीपीपीओई असेल, तर अजून एक अडचण येते. लाईट अचानक गेली तेव्हा राउटरने कंपनीच्या सर्व्हरला मी जातोय असं सांगितलेलं नसतं, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून आतच असता. एका वेळी एकच लॉगिन चालत असेल तर नवीन लॉगिन तो नाकारतो, जुनं आपोआप संपेपर्यंत. पासवर्ड चुकला म्हणून दिसतं आणि लोक घाबरून सेटिंग बदलायला लागतात. काही बदलू नका, राउटर ५ ते १० मिनिटं पूर्ण बंद ठेवा आणि मग चालू करा.

आणि कृपा करून राउटरच्या मागचं ते बारीक भोक, ज्यात पिन घालून दाबायचं असतं, त्याला हात लावू नका. ते रिस्टार्ट नाहीये. ते दाबलं की युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव सगळं पुसलं जातं आणि कंपनीने घातलेली सेटिंगसुद्धा जाऊ शकते. साधा क्रमाचा प्रश्न होता, त्याचा माणूस बोलवायचा प्रश्न होतो. मला आलेल्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच प्रकरणांनी खाल्लाय.

राउटरचे दिवे स्थिर झाले की मोबाईलवर मघासारखं पेज उघडून बघा. उघडलं की अजून एक मिनिट थांबा. हे एक मिनिट उगाच नाही. राउटर दोन वायफाय सोडतो, २.४ गिगाहर्ट्झचं आणि ५ गिगाहर्ट्झचं. ५ मधली काही चॅनेल्स रडारसाठीही वापरली जातात, त्यामुळे त्या चॅनेलवर जायच्या आधी राउटरला किमान ६० सेकंद गप्प राहून ऐकावं लागतं की इथे रडार नाही ना. म्हणजे राउटर अशा चॅनेलवर असेल तर २.४ चं वायफाय आधी येतं आणि ५ चं मिनिटभर उशिरा. टीव्ही त्या मिनिटात उठला तर त्याला त्याचं नेहमीचं ५ चं नेटवर्क दिसतच नाही, मग तो एकतर नेटवर्क नाही म्हणतो नाहीतर हळू असलेल्या २.४ ला चिकटतो आणि संध्याकाळभर व्हिडिओ अडकत राहतो. अशा तक्रारीत लोक नेटच्या स्पीडला दोष देतात, पण टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन तो कुठल्या नावाच्या वायफायला जोडलाय ते बघितलं की लगेच कळतं. दोन्ही वायफायना एकच नाव दिलेलं असेल तर मात्र ते असं दिसत नाही, तिथे टीव्ही बंद करून चालू करणं हाच सोपा उपाय.

आता टीव्ही. चालू करा, होम स्क्रीन येऊ द्या, आणि ज्या एचडीएमआयला बॉक्स लावलाय ते इनपुट निवडून ठेवा. "नो सिग्नल" दिसेल, दिसू द्या.

आणि मग बॉक्स. बॉक्स टीव्हीच्या नंतर का, तर एचडीएमआयची वायर नुसतं चित्र नेत नाही. बॉक्स आधी टीव्हीला विचारतो की तू कुठलं रिझोल्यूशन दाखवू शकतोस, आवाज कुठल्या प्रकारचा घेतोस, आणि मग कॉपी होऊ नये म्हणून जे संरक्षण असतं, एचडीसीपी, त्याची दोघांमध्ये ओळखपाळख होते. टीव्ही त्या वेळी उठलेला नसेल किंवा दुसऱ्या इनपुटवर असेल तर ही ओळख अर्धवट राहू शकते, आणि मग बॉक्स काळा पडदा देतो, किंवा चित्र अंधुक कमी रिझोल्यूशनमध्ये येतं, किंवा मेनू दिसतो पण चॅनेल लावलं की काळं होतं. हे शेवटचं लक्षण दिसलं तर एचडीसीपीवरच संशय घ्या, कारण मेनूला संरक्षण लागत नाही, कार्यक्रमाला लागतं. टीव्ही जागा आणि योग्य इनपुटवर असताना बॉक्स चालू केला की ओळख पहिल्याच फटक्यात होते. मध्ये साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर असेल आणि बॉक्सची वायर त्यातून जात असेल तर टीव्ही, मग साउंडबार, मग बॉक्स.

बॉक्स चालू व्हायला दोन ते पाच मिनिटं घेऊ शकतो. पडद्यावर अपडेट किंवा सॉफ्टवेअर डाउनलोड असं काही दिसत असेल तर ते संपेपर्यंत बटणाला हात लावू नका, लाईट जाऊन आल्यावर बॉक्स बऱ्याचदा अपडेट शोधतो आणि मध्येच वीज तोडली तर तो कायमचा लोगोवर अडकू शकतो.

बॉक्स डिशचा किंवा केबलचा असेल तर चॅनेल नेटवर येत नाहीत, ती त्याच्या गोल वायरीतून येतात. त्यामुळे चॅनेल दिसत नाहीत पण ॲप चालतात असं असेल तर राउटर सोडून द्या, ती गोल वायर घट्ट आहे का बघा. केबल असेल तर इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या ॲम्प्लिफायरला लाईट आली नसेल, ते केबलवाल्याला विचारा. डिशसाठी गच्चीवर किंवा पत्र्यावर चढायचं असेल तर तुम्ही चढू नका, त्यांचा माणूस येऊ द्या.

मोबाईलवर नेट आहे, टीव्हीवर नाही: मावशीकडचं प्रकरण

हे पहिलं लक्षण इतकं सारखं येतं की एक प्रकरण सविस्तर सांगतो. मावशीकडे फायबरचा मोडेम, वेगळा राउटर आणि वायफायवर चालणारा अँड्रॉइडचा बॉक्स, आणि हे सगळं टीव्हीसकट एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. प्रत्येक वेळी लाईट गेली की तेच. मावशीचा फोन, "अरे मोबाईलवर सगळं चालतंय, मग या टीव्हीलाच काय धाड भरलीय?"

मोबाईलचा डेटा बंद करायला लावला, पेज उघडलं. म्हणजे मोडेम-राउटर बाद. टीव्हीवर बॉक्सचा मेनू दिसत होता, म्हणजे एचडीएमआय पण बाद. बॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वायफाय जोडलेलं, सिग्नल पूर्ण, आणि खाली इंटरनेट नाही. मग मी विचारलं की वर कोपऱ्यात वेळ किती दाखवतंय, आणि तारीख बघ सेटिंगमध्ये. तारीख काही वर्षांपूर्वीची होती.

तिथे सगळं उलगडलं. या प्रकारच्या बऱ्याच बॉक्समध्ये घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. वीज गेली की ते तारीख विसरतात, आणि चालू झाल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ आणतात. पण लाईट आल्यावर बॉक्स मोडेमपेक्षा लवकर तयार झाला, त्याने वेळ मागितली तेव्हा नेटच नव्हतं, आणि तो जुन्या तारखेवर बसून राहिला. आता गंमत बघा, सगळ्या सुरक्षित साइट आणि ॲप एक प्रमाणपत्र दाखवतात ज्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं असतं. बॉक्सच्या हिशोबाने ती तारीख अजून उजाडलेलीच नाही, म्हणून तो प्रत्येक प्रमाणपत्र नाकारतो. नेट आहे का हे तपासणंसुद्धा अशाच जोडणीतून होत असेल तर तेही फसतं आणि बॉक्स म्हणतो इंटरनेट नाही. नेट मिनिटभरात आलेलं असतं पण बॉक्सच्या चुकीच्या तारखेमुळे तो ते मानत नाही. मोबाईलला हा त्रास नाही कारण त्याची बॅटरी असते, त्याचं घड्याळ बंदच पडत नाही.

उपाय एवढाच, की राउटर चालू ठेवून फक्त बॉक्सचं बटण बंद करायचं, अर्धा मिनिट, परत चालू. नेट आधीच तयार असल्याने बॉक्सला वेळ मिळाली, तारीख बरोबर झाली, ॲप उघडली. कधी तरीही तारीख सुधारली नाही तर सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घ्या हा पर्याय चालू आहे का बघायचा, तो चालू असूनही होत नसेल तर एकदा बंद करून हाताने आजची तारीख घालायची, नेट लागलं की पुन्हा आपोआपवर टाकायचं.

पण दर वेळी फोन नको म्हणून मुळावर गेलो. एकाच बोर्डवर असल्यामुळे लाईट आली की चौघं एकदम सुरू होत होते, आणि त्यात बॉक्स नेहमी जिंकत होता. मग मोडेम आणि राउटर एका बोर्डवर, टीव्ही आणि बॉक्स वेगळ्या बटणाच्या बोर्डवर केले, आणि मावशीला सांगितलं की लाईट गेली की टीव्हीचं बटण बंद कर आणि मोबाईलवर वायफाय चालू झालं की मगच ते चालू कर. तेव्हापासून ही तक्रार आलेली नाही. वेगळं बटण शक्य नसेल तर मोडेम आणि राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, मग लाईट आल्यावर ते आधीच तयार असतात. फक्त तुमच्या मोडेम आणि राउटरला १२ व्होल्टच लागतात ना ते आधी ॲडॉप्टरवर वाचून घ्या.

क्रम बरोबर करूनही नाही झालं तर

टीव्ही वायफायला जोडतच नसेल किंवा पत्ता मिळत नाही म्हणत असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्याने स्वतःच्या मनाने घेतलाय. राउटर आधी चालू असताना टीव्ही बटणाने बंद-चालू करा, नाही झालं तर ते वायफाय विसरा आणि पासवर्ड घालून नव्याने जोडा. पासवर्ड हाताशी आहे ना ते विसरायच्या आधी बघा. आणि कधी कोणी हाताने ठरावीक आयपी घालून ठेवला असेल तर तो आपोआपवर टाका, कारण राउटर रिस्टार्ट झाल्यावर कुणाला कुठला पत्ता दिला होता हे बरेच राउटर विसरतात आणि तोच पत्ता दुसऱ्या कुणाला तरी देऊन बसतात, मग दोघंही आलटून पालटून तुटत राहतात.

पडदा अजून काळाच असेल तर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही भिंतीवरून बंद करा, एचडीएमआयची वायर दोन्ही बाजूने काढून परत घट्ट बसवा आणि टीव्ही आधी, बॉक्स नंतर. तरी नाही तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय भोक वापरा. तरी नाही तर दुसरी वायर. हाच क्रम ठेवा, कारण भोक बदलायला काही लागत नाही, वायर कुणाकडून तरी आणावी लागते. पावसात विजा चमकत असताना लाईट गेली असेल आणि त्यानंतर एक भोक चालतं, दुसरं नाही असं दिसलं तर ते भोक गेलंय, विजेच्या लोटाने ते जातं. बाकी टीव्ही चांगला असेल तर दुसरं भोक वापरत राहा.

आता ते चौथं लक्षण, राउटर आपोआप बंद-चालू होणं. लाईट वारंवार जाते तिथे ॲडॉप्टर हळूहळू कमजोर होतो. दिवे लावायला कमी वीज लागते म्हणून दिवे लागतात, पण वायफायवर चार उपकरणं जोडली आणि व्हिडिओ सुरू झाला की जास्त वीज लागते, ती ॲडॉप्टर देऊ शकत नाही आणि राउटर रिस्टार्ट होतो. ओळखायचं कसं, तर वायफाय कुणी वापरत नसताना तो तासन्‌तास चालतो आणि वापर वाढला की पडतो. ॲडॉप्टर बदलताना व्होल्टचा आकडा अगदी तोच हवा, अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी नाही. पिनची जाडी आणि अधिक-उणेची खूणही जुन्यावरच्या खुणेशी जुळवून घ्या, उलटी लागली तर राउटर जातो. हे आकडे वाचून नीट कळत नसतील तर जुना ॲडॉप्टर सोबत घेऊन जा आणि तसाच मागा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एलओएस लाल आणि पंधरा-वीस मिनिटांत बदललं नाही, किंवा पॉन स्थिर आहे, राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू केला, तरी मोबाईलवर नेट नाही: इंटरनेट कंपनी. क्रम पाळून दोनदा केलं की बास, दहा वेळा बंद-चालू करून काही वेगळं होत नाही, उलट प्रत्येक झटका उपकरणाला लागतो.

बॉक्स दहा-पंधरा मिनिटं लोगोवरच अडकलाय, किंवा चालू होऊन परत परत लोगोवर येतो: बॉक्सच्या कंपनीला फोन करा, फॅक्टरी रीसेट करायचा का ते त्यांना विचारून, कारण काही बॉक्स रीसेट झाल्यावर पुन्हा ॲक्टिव्हेट करून घ्यावे लागतात.

टीव्हीचा स्टँडबायचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि पडदा येत नाही: तो किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवा, बऱ्याच टीव्हींमध्ये तो आकडा बिघाडाचा कोड असतो आणि दुरुस्तीवाल्याचं काम सोपं होतं. टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते आणि ती जोरात लागते.

टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या धातूच्या भागाला, एचडीएमआयच्या टोकाला किंवा डिशच्या गोल वायरीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर काहीच चालू करू नका, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा. ते नीट होईपर्यंत त्या बोर्डवर काहीही लावू नका.